रविवारचं डोहाळे जेवण, फायनल प्लॅन (प्लीज शेवटपर्यंत वाचा!!)

सगळ्या काकू, माम्या, मावश्या आणि पोरींनो, रविवारी 18 तारखेला सकाळी साडेदहाला कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये यायचंय. काल रात्री वहिनीशी निवांत बोलले. ती म्हणाली, "ताई मला हौस सगळी करून घ्यायचीये गं, पण लग्नात बसवलं तसं तीन तास बसवू नका." म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी बसायचं. डेकोरेशनवाल्याने फुलांचा झोपाळा दाखवला, फोटोत भारी दिसतो पण त्याला पाठच नाहीये आणि पाय लोंबकळत राहतात, तिचे पाय आत्ताच संध्याकाळपर्यंत सुजतात. तो कॅन्सल. त्याऐवजी आमची हातवाली लाकडी खुर्ची येतेय, कमरेमागे लोड, पायाखाली पाट आणि पाटावर उशी, मागे फक्त केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा. धनुष्यबाण, चंद्रकोर वगैरे तिच्या बाजूला ठेवू, हातात पाच मिनिटं फोटोपुरतं. खुर्ची दाराच्या बाजूला ठेवणारे कारण बाथरूम तिकडे आहे आणि मधेच उठली तर कोणी "अगं थांब ओटी राहिली" म्हणून अडवायचं नाही. मोठ्यांना ती बसल्या जागेवरून हात जोडून नमस्कार करेल, वाकणार नाही, आजीने स्वतःच सांगितलंय त्यामुळे यावर चर्चा नको.

फुलांचे दागिने अबोली आणि पांढऱ्या शेवंतीचे. मोगरा आणि निशिगंध अजिबात नको, त्या वासाने तिला मळमळतं, म्हणजे तुमचे गजरेसुद्धा हो!! (मला माहितीये मंडईत गेल्यावर मोह आवरत नाही.) कमरपट्टा नाही. उदबत्ती नाही. हिरवी साडी मी लक्ष्मी रोडवरून हलकी कॉटन सिल्कची घेतली, पैठणी परत कधीतरी.

आता वेळ. आपल्याकडे नेहमी काय होतं, औक्षण, ओटी, मग गाणी, मग खेळ, मग फोटो, आणि जिच्यासाठी जेवण तीच अडीच वाजता जेवते, माझ्या वेळेला मी अक्षरशः पहिल्या घासाला रडले होते. तर यावेळी पाच जणी औक्षण करणार, ओटी भरायची, आणि बरोब्बर साडेबाराला तिचं ताट. खेळ जेवणानंतर. मधे भूक लागली तर आई तिच्याजवळ भाजलेले शेंगदाणे आणि शहाळं ठेवेल.

मेनू केटररला दिलाय: मसालेभात, अळूची पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, कोथिंबीर वडी, पुरी, काकडीची कोशिंबीर, जिलबी, मठ्ठा. पण वहिनीचं वेगळं. तिला तळणाने छातीत जळजळ होते आणि शुगर थोडी वर आलीये म्हणून डॉक्टरांनी गोड बेताने सांगितलंय, तिच्यासाठी मी घरून ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मुगाचं वरण आणते. जिलबीचा एक तुकडा तिचा, बास. आग्रह करकरून भरवणाऱ्या दोन काकू कोण ते मी लिहीत नाही, त्यांना कळलंय 😄 डोहाळे विचारले तर म्हणाली चिंच आणि मिसळ! मिसळ तर्री न घालता छोट्या वाटीत, माझी जबाबदारी. चिंच-कैरी-आवळ्याचं ताट मावशीकडे.

खेळ तीनच. पेढा-बर्फीचा नाही, तिने हात जोडून नाही म्हटलंय, मुलगा की मुलगी यावर बोलायचंच नाही तिला. पण वाट्या झाकून ठेवायची मजा का सोडायची, सात वाट्या ठेवू, प्रत्येकीत चिठ्ठी: "पहिली लंगोट बाबा बदलणार", "रात्री दोनचं रडणं आत्याकडे" (म्हणजे माझ्याकडे, अरे देवा) असं काहीतरी. वाट्यांचं ताट तिच्यापुढे न्यायचं, ती बसूनच उचलेल. दुसरा, दुपटं डोळे बांधून घडी घालायचं, हा पुरुषमंडळींनी, दादाची प्रॅक्टिस झालेली बरी. तिसरे उखाणे, ज्यांना येत नाहीत त्यांनी आजच पाठ करा, गेल्या वेळी फोनमध्ये बघून म्हटलेले चालले, यावेळी चालणार नाहीत. डोहाळ्यांची गाणी आजी आणि काकू म्हणतील, माईक नको, हॉल घुमतो.

दोन वाजता ती घरी जाऊन आडवी होणार, तुम्ही खुशाल चहा घेऊन बसा.

किती जण येताय ते गुरुवारपर्यंत कळवा, केटररला आकडा द्यायचाय. आणि हॉलच्या पंख्याखालची जागा तिची, तिथे कोणी पर्स ठेवून अडवू नका 🙏