छाननी टिपण: 17 फुटी आयशरसाठी नागनाथचा अर्ज
दि. 9 फेब्रुवारी 2026
डिस्पॅच ऑफिस, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

अण्णांना नमस्कार.

ड्रायव्हरच्या जागेसाठी आलेल्या अर्जांपैकी नागनाथचा अर्ज तुम्ही माझ्याकडे दिला होता. तो जाहिरातीशी ओळ न् ओळ ताडून पाहिला, लायसन्सची प्रत तपासली, त्याच्याशी आणि त्याच्या आधीच्या दोन मालकांशी फोनवर बोलले. माझं मत आधीच सांगते: माणूस घेण्यासारखा आहे, पण रेझ्युमेत लिहिलंय त्यावर नव्हे, तर तपासून जे हाती लागलं त्यावर. दोन्हींत फरक आहे आणि तो तुम्हाला ठाऊक असायला हवा.

आपली जाहिरात अशी होती:

"ड्रायव्हर पाहिजे. गाडी: 17 फुटी आयशर, बंद बॉडी, एकूण वजन 10,700 किलो. ट्रान्सपोर्ट लायसन्स आवश्यक. मालवाहतुकीचा किमान 3 वर्षांचा अनुभव. रेकॉर्ड स्वच्छ असावं. रूट: सोलापूर–हैदराबाद, सोलापूर–विजयपूर, सोलापूर–पुणे–भिवंडी. पगार 22,000, ट्रिपचा भत्ता वेगळा."

नागनाथच्या रेझ्युमेतल्या कामाच्या ओळी त्याच्याच शब्दांत:

"वय 31. राहणार बाळे, मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात. सर्व प्रकारच्या गाड्या चालवतो. हेवीचा 6 वर्षे अनुभव. लायसन्स 2033 पर्यंत वैध. आजपर्यंत एकही चलन नाही. संपूर्ण महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्रचे रूट माहीत."

लायसन्स

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता. त्याच्या कार्डावर दोन वैधता आहेत. खासगी वाहनासाठी 2033, कारण एलएमव्ही 2013 साली निघालं आणि तेव्हाच्या नियमाने 20 वर्षांचं मिळालं. ट्रान्सपोर्टसाठी मात्र तारीख ऑगस्ट 2028 ची आहे, कारण तो वर्ग त्याने ऑगस्ट 2023 मध्ये घातला आणि ट्रान्सपोर्टचं लायसन्स 5 वर्षांचंच असतं. रेझ्युमेत त्याने लांबची तारीख लिहिली. लबाडी म्हणून नाही, बहुतेक ड्रायव्हर कार्डावरची मोठी तारीखच वाचतात. आपल्या गाडीला 2028 चीच तारीख लागू आहे. रजिस्टरमध्ये तीच लिहावी आणि नूतनीकरणाची आठवण 2028 च्या जूनमध्ये टाकावी, म्हणजे मेडिकल सर्टिफिकेटला वेळ मिळेल.

आपल्या गाडीला नुसतं एलएमव्ही का चालत नाही, हे गेल्या वेळी तुम्ही विचारलं होतं. 7,500 किलो एकूण वजनापर्यंतची मालगाडी एलएमव्हीवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तसं म्हटलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केलं. म्हणून आपला छोटा हत्ती आणि पिकअप एलएमव्हीवाल्याच्या हाती देता येतात. आयशरच्या आरसीवर 10,700 लिहिलंय, तिथे ट्रान्सपोर्टचा वर्ग लागतोच. रिकामी गाडी हलकी असते, हे कारण चालत नाही. बघायचं ते आरसीवरचं एकूण वजन, त्या दिवशी भरलेला माल नव्हे. यात चूक झाली आणि अपघात घडला, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करायला मोकळी असते. तो मालक म्हणजे तुम्ही, अण्णा. म्हणून याबाबत मी कुणाच्याही तोंडी शब्दावर जाणार नाही.

नंबर आणि जन्मतारीख टाकून सारथी पोर्टलवर कार्ड उघडून पाहिलं. लायसन्स चालू आहे, निलंबनाची नोंद नाही, ट्रान्सपोर्टची तारीख कार्डाशी जुळते. ही बाजू पक्की.

गाडी आणि अनुभव

"हेवीचा 6 वर्षे" हे खरं नाही. फोनवर वर्षं विचारली तेव्हा त्याने काही न लपवता सांगितली. 2016 ते 2019 तो क्लीनर होता. 2019 ते ऑगस्ट 2023 मार्केट यार्डातून कांद्याची 407 चालवली. ऑक्टोबर 2023 ते डिसेंबर 2024 आपल्यासारखीच 17 फुटी, आणि मे 2025 पासून आजपर्यंत 19 फुटी, उघड्या बॉडीची. म्हणजे मोठ्या गाडीवर सव्वा वर्ष आणि नऊ महिने, मिळून दोन वर्षं.

त्यातली जमेची बाजू माझ्या दृष्टीने मोठी आहे. 407 चं वजन 7,500 च्या बरंच आत, ती त्याने एलएमव्हीवर चालवली आणि ते नियमात होतं. मोठी गाडी हातात घेतली ती ट्रान्सपोर्ट वर्ग निघाल्यानंतरच, आधी नाही. तारखा तसंच सांगतात आणि त्याचा जुना मालकही तेच म्हणाला. लायसन्स नसताना स्टिअरिंगवर बसलेले किती अर्जदार आपल्याकडे येतात, हे तुम्हाला माहीत आहे. हा बसला नाही.

जाहिरातीत आपण "मालवाहतुकीचा 3 वर्षांचा अनुभव" म्हटलंय, मोठ्या गाडीचा म्हटलेलं नाही. त्या शब्दांत तो आरामात बसतो. तुमच्या मनात 3 वर्षं आयशरचीच होती, तर जाहिरातीत तसं लिहायला हवं होतं. आता अर्ज आल्यावर अट वाढवणं मला योग्य वाटत नाही. ट्रायलमध्ये हात कळेलच.

एक गोष्ट विचारून घेतली. त्याने आजवर कांदा वाहिला, आपला माल टॉवेल आणि चादरी. कांद्याचं पोतं थोडं भिजलं तरी व्यापारी भाव पाडून घेतो, चादरीची गठडी भिजली की पार्टी ती परतच पाठवते. बंद बॉडीच्या मागच्या दाराचं रबर निघालं असेल तर काय करशील, असं विचारल्यावर म्हणाला, "ताई, भरायच्या आधी आत बसून दार लावून घेतो. उजेड दिसला की पाणी येणार." हे उत्तर मला आवडलं.

रेकॉर्ड

"एकही चलन नाही" या ओळीने काही सिद्ध होत नाही. ई-चलन गाडीच्या नंबरावर पडतं आणि मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो, ड्रायव्हरला कित्येकदा पत्ताच नसतो. म्हणून त्याने चालवलेल्या गाड्यांचे नंबर घेतले आणि मालकांकडून त्यांची चलनं विचारून घेतली. 19 फुटीवर दोन निघाली, दोन्ही पुण्यात नो-एंट्रीच्या वेळेत शिरल्याची. मालक स्वतःच म्हणाला की पार्टी घाई करत होती आणि आत जा असं त्यानेच सांगितलं होतं. वेगाचं, सिग्नल तोडल्याचं किंवा दारूचं एकही नाही. मला ते पुरेसं आहे.

यापेक्षा महत्त्वाची आहे ती जानेवारी ते एप्रिल 2025 ची रिकामी जागा. रेझ्युमेत ती नुसती गाळलेली आहे. विचारल्यावर तो क्षणभर गप्प बसला, मग सांगितलं. नळदुर्गच्या अलीकडे रात्री गाडी कडेला लावून टायर बदलत होता, इंडिकेटर चालू होते, आणि मागून मोटरसायकल येऊन धडकली. त्या मुलाचा पाय मोडला, याच्या हाताला मार बसला. केस झाली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुन्हा मोटरसायकलस्वारावर नोंदला गेला आणि हा त्यात फिर्यादी आहे.

"रेकॉर्ड स्वच्छ" याचा अर्थ आपण काय धरायचा, हे इथे ठरवावं लागेल. केसमध्ये नाव आलं की अर्ज बाजूला, असं केलं तर ज्याने पळ काढला तो स्वच्छ आणि जो थांबला तो डागी ठरेल. मला ते पटत नाही. पण नुसत्या शब्दावरही चालायचं नाही. एफआयआरची प्रत त्याने आणून द्यायची. त्यात तो आरोपी नसेल तर ही बाजू मी स्वच्छ धरते. आरोपी असेल तर थांबू आणि पुन्हा बोलू. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा अर्जही त्याला याच आठवड्यात करायला सांगितलाय.

त्याला एवढं मात्र मी स्पष्ट बोलले की हे रेझ्युमेत स्वतः लिहायचं होतं. चार महिने कोरे दिसले की वाचणारा वाईटच समजतो.

रूट

"संपूर्ण महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र" या ओळीवर मी काट मारली आणि आपल्या तीन रूटबद्दलच विचारलं. हैदराबादचा माल तर आता तेलंगणात जातो.

हैदराबाद रोड त्याला तोंडपाठ आहे. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी, पाटणचेरू, या क्रमाने न अडखळता सांगितलं, रात्री कुठे गाडी लावायची नाही तेही सांगितलं. बेगम बाजारात थेट आयशर घालणार का, असं मुद्दाम विचारलं. नाही म्हणाला. गाडी बाहेरच्या गोडाऊनला लावायची आणि तिथून छोट्या गाडीने माल आत पाठवायचा. बरोबर आहे, आपण तेच करतो. सोलापुरातही त्याची समज तीच: भवानी पेठेतल्या लूमवर मोठी गाडी नेणारच नाही, टेम्पोने माल एमआयडीसीत आणून भरीन, आणि गड्ड्याच्या दिवसांत शहरातून जायचा विचारही करणार नाही, असं म्हणाला.

विजयपूर रोडची काळजी नको. घरात कन्नड बोलतात. त्या रूटवर अडलं की भाषाच कामाला येते.

पुण्यापर्यंतही ठीक. भिवंडी मात्र कच्ची आहे. खंडाळ्याचा घाट भरल्या गाडीने त्याने उतरलेला नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं. भिवंडीची पहिली ट्रिप जुन्या ड्रायव्हरबरोबर करायला लावावी आणि घाटात गिअरवर गाडी कशी उतरवतो ते त्यांच्याकडून ऐकून मगच एकट्याला सोडावं.

ई-वे बिलाबद्दल त्याला वरवर माहिती आहे. 200 किलोमीटरला एक दिवस हा हिशोब त्याला मी समजावला. हैदराबाद साधारण 300 किलोमीटर, म्हणजे दोन दिवसांचं बिल. गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आत ऑफिसला फोन करायचा, हेही सांगून ठेवलं.

दुसरा अर्ज, मोटरसायकलवरून शहरात सॅम्पल पोचवण्याच्या जागेचा: मुलगा चुणचुणीत आहे, जुळे सोलापूर ते सात रस्ता सगळ्या गल्ल्या ओळखतो. पण लायसन्स बिनगिअरच्या दुचाकीचं आहे आणि आपली गाडी गिअरची. गिअरचा वर्ग लायसन्समध्ये घालून आण, जागा तोवर ठेवते, असं त्याला सांगितलंय. तुमची हरकत असेल तर कळवा.

नागनाथबाबत पुढचं असं ठरवलंय. गुरुवारी सकाळी 7 वाजता ट्रायल. गाडी भरलेली असेल, आपल्या शेडच्या धक्क्याला मागे घेऊन लावायची, मग नळदुर्गपर्यंत जाऊन परत. जुने ड्रायव्हर शेजारी बसतील. येताना मूळ लायसन्स आणि एफआयआरची प्रत आणायची, दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी चावी द्यायची नाही. ट्रायल जमली तर 1 मार्चपासून कामावर, पहिले तीन महिने हैदराबाद आणि विजयपूर हेच रूट. गाडीच्या विम्याची मुदत मार्चअखेर संपतेय, त्या फाइलला त्याच्या लायसन्सची प्रत मी जोडून ठेवते. ट्रायलच्या दिवशी तुम्ही शेडवर असाल तर बरं होईल, नसाल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत फोन करा.

सुनंदा
डिस्पॅच