कंबरेच्या मापाबद्दल

जाधव सर,
सप्रेम नमस्कार.

गुरुवारी बाहेर पेशंटची रांग लागली होती, त्यामुळे टेपचा आकडा सांगितला आणि बाकीचं लिहून देतो म्हणालो. वहिनींनाही सगळं नीट कळायला हवं होतं. हा कागद रिपोर्टच्या फाईलला लावून ठेवा.

तुमच्या कंबरेचा घेर ९८ सेंटिमीटर भरला, म्हणजे साधारण साडेअडतीस इंच. पहिल्यांदा टेप लावली तेव्हा तुम्ही पोट आत ओढून धरलं होतं. सगळेच ओढतात, त्यामुळे ते माप मी धरलंच नाही. नंतर तुम्हाला दहावीच्या निकालाबद्दल बोलतं ठेवून दोनदा मोजलं. एकदा ९८ आलं, एकदा साडेसत्त्याण्णव.

"पण डॉक्टर, माझी पँट तर चौतीसची आहे," असं तुम्ही म्हणालात. पँट चौतीसचीच असेल, पण ती तुम्ही पोटाच्या खाली बांधता. पट्ट्याच्या वर जे येतं ते पँटच्या मापात धरलं जात नाही. मी टेप धरतो ती शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मध्यावर, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडून झाल्यावर. घरी मोजाल तेव्हा हीच जागा धरा. टेप आवळू नका, आणि मागच्या बाजूने ती खाली घसरली नाही ना हे वहिनींना बघायला सांगा.

भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा. मोबाईलवर शोधलंत तर १०२ हा आकडाही सापडेल. तो युरोपीय बांध्याच्या लोकांसाठी आहे, तो पाहून निर्धास्त होऊ नका. दुसरा एक साधा हिशोब म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. तुमची उंची १६६, त्याचं निम्मं ८३. ते पुढचं पाहू, आधी ९० गाठायचे आहेत.

तुमचा खरा आक्षेप वजनाबद्दल होता. "अडुसष्ट किलो म्हणजे काय जाडा आहे का मी?" नाही, तुम्ही जाडे दिसत नाही. हातपाय तर बारीकच आहेत. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४.७ येतो. जगभरच्या तक्त्यात तो बसतो, आपल्याकडच्या तक्त्यात मात्र २३ च्या पुढे वजन जास्त धरतात. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चरबी किती आहे आणि कुठे आहे हे वजनकाट्याला कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या लोकांत हे सर्रास दिसतं: हातापायांवर स्नायू कमी आणि चरबी पोटात.

पोटावर चिमटीत येते ती कातडीखालची चरबी तुलनेने गरीब असते. त्रास देते ती आतली, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जातात, तिथे इन्सुलिनचं काम अडखळतं, यकृत नको तेव्हा साखर सोडू लागतं आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड्स वाढतात. तुमच्या फाईलमध्ये हे सगळं आधीपासून आहे, फक्त सुटं सुटं: उपाशीपोटी साखर १०८ (१०० च्या आत हवी), ट्रायग्लिसराइड्स १९० (१५० च्या आत हवेत), चांगलं कोलेस्टेरॉल ३७ (४० च्या वर हवं). वर्षभरापूर्वीच्या सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' लिहिलंय. "ते काय, सगळ्यांनाच असतं" असं तेव्हा तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. सगळ्यांना नसतं. पुष्कळांना असतं, ही निराळी गोष्ट.

घेर, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स आणि चांगलं कोलेस्टेरॉल या पाचांपैकी तीन बिघडले की आम्ही त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. तुमचे चार बिघडलेत. रक्तदाब १२६/८० आहे, तेवढा ठीक. याचा अर्थ तुम्हाला मधुमेह झालाय असा नाही. तुमचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ५.९ आहे, म्हणजे तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. वडिलांना मधुमेह होता आणि तुमचं वय ४७, म्हणून हृदयविकाराच्या बाजूनेही मी हे हलक्यात घेणार नाही. पण इथून परत फिरता येतं. चेन्नईच्या डॉक्टरांनी अशाच उंबरठ्यावरच्या भारतीयांवर अभ्यास केला होता. आहार आणि व्यायाम सुधारणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं, तेही गोळीशिवाय. तुम्हालाही आज मी गोळी देत नाही.

पोट कमी करायला पोटाचेच व्यायाम, घाम आणणारा पट्टा, सकाळचं लिंबू-मध, यातलं काही नको. चरबी एका जागची निवडून काढता येत नाही. रोज पाऊण तास चाला, एवढं भरभर की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्यातून दोनदा स्नायूंना काम द्या: खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं-बसणं, भिंतीला रेटून जोर, जमले तर सूर्यनमस्कार. बारीक हातपायांना याची गरज चालण्याइतकीच आहे.

खाण्यात पहिला घाव चहावर. स्टाफरूममधले तीन आणि घरचे दोन, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला दहा चमचे साखर फक्त चहातून. दोन कप ठेवा, साखर अर्धा चमचा. बिस्किटं, फरसाण बंद. तुम्ही पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरलीत हे चांगलं, पण चार भाकऱ्या आणि वर भात हे काही पथ्य झालं नाही. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकी किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, काकडी आणि ताक. भात हवाच असेल तर एक भाकरी कमी. रात्रीचं जेवण दहाऐवजी आठला होईल असं बघा. शनिवारची बैठक महिनाभर तरी नको. यकृत सुधारायचं असेल तर यात सवलत देता येत नाही.

वहिनी तुमच्या घोरण्याबद्दल बोलल्या. झोपेत श्वास मध्येच थांबतो का, हे त्यांनी आठवडाभर लक्ष ठेवून मला कळवावं. थांबत असेल तर त्याची वेगळी तपासणी करू.

घेर दर दोन आठवड्यांनी, सकाळी उपाशीपोटी मोजून वहीत लिहा. रोज मोजू नका, उगाच जीव कावतो. सहा महिन्यांत वजन ६४ च्या आसपास आणि घेर ९२-९३ पर्यंत आला तर मी खूश आहे. सुरुवातीला वजन हलणार नाही आणि पँट सैल होईल, तेव्हा सोडून देऊ नका. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, लिपिड आणि यकृताच्या तपासण्या करून या. चालताना छातीत दडपण किंवा दम लागला, किंवा तहान आणि लघवी फार वाढली, तर तारखेची वाट न बघता लगेच या.

आपला,
डॉ. पेंडसे

ता. क. वहिनींनी जाता जाता स्वतःबद्दल विचारलं होतं. बायकांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटर. पुढच्या वेळी त्यांचंही माप घेऊ, त्यांनीही उपाशीपोटीच यावं.