ताईला पत्र

सातारा, १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

फोनवर बोलायला गेलं की खोलीतल्या दोघींचे कान टवकारतात, म्हणून लिहितेय.

माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या मॅडम तुला आठवतात ना? पहिल्या दिवशी मला कंदी पेढे खायला घातले होते, त्याच. त्यांचं मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय.

दिवाळीआधीच्या सोमवारी तुफान गर्दी होती. संध्याकाळी माझी कॅश पाचशेने कमी भरली. मशीनवर तीनदा मोजली, नंतर हाताने. पाचशेच पाचशे. हात थरथरायला लागले. मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पर्समधून नोट काढली, माझ्या गड्डीवर ठेवली आणि म्हणाल्या, "घाल. बसची वेळ झालीय माझी." मला रडूच आलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मॅनेजरसाहेब उभे असताना, अख्ख्या शाखेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिला जरा नोटा मोजायला शिकवा हो कुणीतरी." सगळे हसले. साहेब नाही हसले, ते जास्तच लागलं. नोटेबद्दल मात्र चकार शब्द नाही! तेव्हा मी तरी कशी बोलणार?

पगार झाल्यावर पाचशे परत दिले. "ठेव गं," म्हणून त्यांनी हात झटकला. मी नोट त्यांच्या ड्रॉवरमध्ये सरकवून आले. दुपारी डबा उघडते तर पोळ्यांवर तीच नोट, पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपमध्ये गुंडाळलेली. स्लिपवर एक अक्षर नाही.

त्यानंतर रोज असंच. सकाळी साहेबांसमोर एक टोमणा, दुपारी त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या झाकणात. काल क्लिअरिंगचं काम शिकायचं म्हटलं तर म्हणाल्या, "तुझ्याच्याने नाही व्हायचं." पाच वाजता बघते तर स्वतःची वही माझ्या टेबलावर ठेवून गेलेल्या, पानापानावर लाल पेनाने खुणा केलेल्या.

खोलीतली एक म्हणते, जळतात तुझ्यावर. पण जळणारी बाई पदरचे पाचशे घालते का? कधी वाटतं, साहेबांच्या डोळ्यात मी भरू नये म्हणून आधीच मला कमी दाखवतात. कधी वाटतं, त्यांना माया अशीच करता येते, आपल्या मोठ्या आत्यासारखी. ती नाही का, "काय ही केसांची दशा" म्हणत म्हणत तासभर तेल चोळायची?

तू तुझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये बारा वर्षं काढलीस, असे नमुने बघितले असशील. तुला काय वाटतं? त्यांना सरळ विचारू, की गप्प राहू? आणि त्या पाचशेचं काय करू? नोट अजून तशीच स्लिपमध्ये आहे, माझ्या कपाटात.

रविवारी फोन करशील तेव्हा आई जवळ नसताना बोल. तिला कळलं तर मॅडमना फराळाचा डबा पाठवेल नाहीतर भांडायला येईल, आणि मला दोन्ही नकोय.

भावोजींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझी,
छोटी