हँडओव्हर नोट: डिस्पॅच बिलिंग प्रकल्प, चाकण प्लांट

दि. १० सप्टेंबर २०२५, बुधवार
देणार: मंदार, टीम लीड, आयटी
घेणार: तेजश्री
प्रत: प्लांट हेड साहेब, अकाउंट्स, महेश, गेट २ डिस्पॅच

सोमवारी, १५ तारखेला मी परचेसला रुजू होतोय. तेजश्री, या प्रकल्पाचं बरंचसं कोडिंग तूच केलंस, त्यामुळे ते इथे पुन्हा लिहीत नाही. जे फाइलमध्ये नाही, फक्त माझ्या डोक्यात किंवा तोंडी बोलण्यात आहे, तेवढं लिहितोय.

आजची स्थिती
गेट १ ऑगस्टपासून नव्या सिस्टिमवर आहे. गेट २, म्हणजे परराज्यातल्या गाड्या, अजून जुन्यावर आहे. गेट २ बदलायची तारीख २० सप्टेंबर ठरली होती आणि प्लॅनच्या शीटमध्ये आजही तीच आहे. ती धरू नकोस.

दर बदलतोय, सगळ्यात आधी हे
३ तारखेच्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के दर ठरला. आपला माल आज २८ टक्क्यांत जातो. नवा दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू होईल. अधिसूचना निघायची आहे. ती हातात आल्याशिवाय आयटम मास्टरला हात लावायचा नाही. दोन्ही सिस्टिम चालू असल्याने बदल दोन्हीकडे करावा लागेल. २१ ला रविवार आहे, त्या दिवशी डिस्पॅच बंद ठेवायला साहेबांनी होकार दिलाय.

एक गोष्ट विसरू नकोस. जुन्या बिलावरची क्रेडिट नोट जुन्याच दराने जायला हवी. म्हणून क्रेडिट नोटचा दर आयटम मास्टरमधून न घेता मूळ बिलावरून घ्यायला लावलाय. नव्या सिस्टिममध्ये हे तपासून झालंय. जुन्या सिस्टिममध्ये नाही, तिथे दर हाताने घालावा लागेल.

दर आणि सिस्टिम एकाच आठवड्यात बदलल्या, तर चूक कुठून आली तेच कळणार नाही. त्यात दसऱ्याआधी गाड्यांची गर्दी. म्हणून गेट २ दसऱ्यानंतर, शनिवार ४ ऑक्टोबरला न्यायचं असं मी साहेबांशी बोललोय. ते 'चालेल' म्हणाले, पण तोंडी. शुक्रवारच्या बैठकीत मी हे लेखी घेतो. राहिलंच तर तू पहिल्या दिवशी घे.

दुबार बिलाची भानगड
जुलैच्या चाचणीत नेट अडकलं आणि ऑपरेटरने बटण दुसऱ्यांदा दाबलं. पोर्टलने तोच बिल नंबर 2150 Duplicate IRN म्हणून परत पाठवला असता, पण आमच्या प्रोग्रॅमने दुसऱ्यांदा नवा नंबर दिला. एका मालाची दोन बिलं झाली. लक्षात आलं दोन दिवसांनी. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर २४ तासांतच रद्द होतं, त्यामुळे क्रेडिट नोट काढावी लागली. ती चूक माझी होती, नंबर देण्याचा क्रम मी ठरवला होता.

आता उत्तर येईपर्यंत नंबर राखून ठेवतो आणि बटण बंद राहतं. 'स्क्रीन अडकते' अशी तक्रार येईल. बटण उघडून देऊ नकोस. रोज संध्याकाळी सहाला गेट रजिस्टर आणि बिलं ताडून बघ, म्हणजे २४ तास हातात राहतात. रद्द करताना आधी ई-वे बिल रद्द कर, मग इन्व्हॉइस. रद्द झालेला नंबर पुन्हा वापरता येत नाही.

ई-वे बिलाची मर्यादा नव्या सिस्टिममध्ये दोन ठिकाणी आहे: महाराष्ट्रातल्या मालाला १ लाख, परराज्यासाठी ५० हजार. गेट १ वर दुसरी कधी तपासलीच गेली नाही, कारण तिथून परराज्यात गाडी जात नाही. ४ तारखेआधी तपास.

माणसं
महेश नव्या सिस्टिमला विरोध करतो असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. रात्रीच्या पाळीत गाडी गेटवर खोळंबली की ड्रायव्हरची बोलणी त्याला एकट्याला ऐकावी लागतात. ४ ते ६ ऑक्टोबर रात्री आयटीचं कोणीतरी गेटवर बसेल असा शब्द मी त्याला दिलाय. पहिली रात्र मी स्वतः येणार आहे, परचेसच्या साहेबांची परवानगी घेतली आहे. बाकी दोन रात्रींची माणसं तू ठरव.

अकाउंट्सला बदल आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत कळव. त्यानंतर ते बँकेच्या कामात असतात.

किरकोळ
गुरुवारी महावितरणचं काम असतं, त्या दिवशी सर्व्हरवर बदल नको. पोर्टलचं लॉगिन माझ्या मोबाइलवर ओटीपी पाठवतं. शुक्रवारी बारा वाजता अकाउंट्समध्ये ये, तिथेच तुझा नंबर लावून घेऊ.

३१ ऑक्टोबरपर्यंत रोज साडेपाच ते सहा मी तुझ्यासाठी मोकळा आहे. परचेस पहिल्या मजल्यावर, जिन्यालगतचं टेबल. गाडी अडली असेल तर वेळ बघू नकोस, फोन कर.

मंदार