विषय: एज्युकेशन लोनचा सेम 3 चा हप्ता बँकेकडून थेट कॉलेजच्या खात्यात (कालचा मेसेज परत नीट लिहून)

नमस्कार मॅडम,

काल रात्री पाठवलेला मेसेज घाईत लिहिला होता, त्यात "लोनचे पैसे येतील तेव्हा भरतो" एवढंच होतं आणि त्यातून असं वाटलं असेल की पैसे आधी माझ्या खात्यात येणार आणि मग मी भरणार. तसं नाहीये. बँक फीचे पैसे माझ्या हातात देतच नाही, थेट कॉलेजच्या खात्यात टाकते, म्हणून सगळं परत लिहितोय, कालचा मेसेज सोडून द्या आणि हाच धरा प्लीज.

मी तेजस दत्तात्रय गव्हाणे, सेकंड इयर कॉम्प्युटर, डिव्हिजन बी, पीआरएन 2507318. लोन बँक ऑफ महाराष्ट्रच्या बार्शी शाखेत आहे, लोन खात्याचे शेवटचे चार आकडे 4417, वडील दत्तात्रय गव्हाणे सहकर्जदार आहेत. एकूण मंजुरी 4,94,000 रुपये, म्हणजे चार वर्षांच्या 5,20,000 फीच्या 95 टक्के. लोन चार लाखांच्या वर असल्याने 5 टक्के मार्जिन आम्हाला स्वतः भरावं लागतं. फर्स्ट इयरचे दोन्ही हप्ते मिळून 1,23,500 तुमच्याकडे जमा झालेत, त्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत.

आता सेम 3 ची फी 65,000. त्यातले 3,250 मी या शुक्रवारी काउंटरवर भरतो आणि उरलेले 61,750 बँक एनईएफटीने पाठवेल. पण मार्जिन भरल्याची पावती आणि सेम 2 चं मार्कशीट दाखवल्याशिवाय शाखा हप्ता सोडत नाही, त्यामुळे 3,250 ची पावती त्याच दिवशी मिळाली तर फार बरं होईल, कारण शनिवारी बार्शीला जाऊन मी ती स्वतः शाखेत देणार आहे.

तुमच्याकडून एक फी डिमांड लेटर हवंय, शाखा व्यवस्थापकांच्या नावे, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. त्यात माझं नाव, पीआरएन, सेम 3 ची 65,000 फी, आणि कॉलेजच्या खात्याचं नाव (पासबुकात जसं आहे अगदी तसंच, संस्थेचं नाव वेगळं असेल तर तेच), खाते नंबर आणि आयएफएससी एवढं यावं. सोबत कॅन्सल्ड चेकची झेरॉक्स मिळाली तर बँक तिथेच नाव जुळवून बघेल. गेल्या वर्षीचं लेटर चालेल का असं मी शाखेत विचारलं होतं, पण ते म्हणाले दर हप्त्याला नवीन आणा.

मॅडम, मी एवढं खोलात लिहितोय त्याला कारण आहे. फर्स्ट इयरला बँकेत फॉर्म भरताना मी पीआरएनचा रकाना रिकामाच ठेवला, तेव्हा त्याचं महत्त्व कळलंच नव्हतं. पैसे तुमच्या खात्यात वेळेत आले पण कुणाचे ते कळेना. वडील पहाटेच्या एसटीने आले, पासबुक उघडून ती एक ओळ बोटाने दाखवत काउंटरला उभे होते, आणि तुम्हीच स्टेटमेंट काढून रकमेवरून शोधून दिलंत. ते मी विसरलेलो नाही. वडिलांना परत तसं उभं राहायला लागू नये एवढंच मनात आहे.

म्हणून या वेळी रिमार्क मी स्वतः लिहून देणार आहे, तो असा असेल:

SEM3 FEE 2507318 TEJAS

पैसे निघाले की यूटीआर नंबर मी त्याच दिवशी तुम्हाला ईमेल करीन, मग पावती माझ्या नावावर, रक्कम 61,750, "लोनद्वारे" असा उल्लेख टाकून द्याल का? ती पावती मला शाखेत जमा करावी लागते, नाहीतर सेम 4 चा हप्ता अडकतो.

दोन विनंत्या अजून. फीची शेवटची तारीख 31 जुलै आहे आणि कागद दिल्यावर बँकेला साधारण आठ-दहा दिवस लागतात असं शाखेत सांगितलंय, तेव्हा डिमांड लेटर गुरुवार 16 जुलैपर्यंत मिळालं तर तारखेत बसेल, आणि तरीही दोन-चार दिवस मागेपुढे झालंच तर लेट फी लावू नका, बँकेत कागद दिल्याची पोच मी तुम्हाला दाखवीन. दुसरं, पुढे कधी स्कॉलरशिप आली किंवा फी जास्त जमा झाली आणि रिफंड द्यायची वेळ आली, तर लोनमधून आलेला भाग माझ्या सेव्हिंग खात्यात न टाकता लोन खात्यातच परत पाठवा, तो पूर्ण नंबर मी वेगळ्या अर्जात सहीसकट देतो, मेसेजवर नको.

मी उद्या दुपारी प्रॅक्टिकल संपलं की साडेतीनला ऑफिसला येतो, बोनाफाईडचा अर्ज आणि लोन मंजुरी पत्राची झेरॉक्स घेऊन. तुम्ही नसाल तर कुणाकडे द्यायचं तेवढं कळवा.

तेजस गव्हाणे
सेकंड इयर कॉम्प्युटर, पीआरएन 2507318
14 जुलै 2026