बाबा, चहा राहू दे, साखर काढूया

पणजी,
१० सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी तुम्ही "हो गो बाय, बघू" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता. मी शाळेत असताना सांग्याच्या पोस्टातून आलेलं प्रत्येक पत्र पडवीत बसून दोनदा वाचायचात, म्हणून लिहिते आहे.

आधीच सांगते, तुमचा चहा मी बंद करायला निघालेली नाही. पहाटे उठून चूल पेटवून तुम्ही स्वतःच्या हाताने ठेवलेला चहा या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. आठ वर्षांची असताना तो करायला तुम्हीच मला शिकवलंत. पाणी आणि साखर एकत्र उकळायची, पूड नंतर घालायची, दूध शेवटी. "साखर हात आखडून घालायची नाही, आपण ऊसवाले," असं म्हणायचात. धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्यात आपल्या मळ्यातला ऊस जायचा. ट्रकावर मोळ्या चढवताना तुमच्या हातांवर पडलेले ओरखडे मला अजून दिसतात. कारखाना थांबला, मळ्यात आता सुपारी आणि केळी आहेत, पण चहातली साखर तेवढीच राहिली. ती तुमच्यासाठी नुसती चव नाही, हे मला कळतं. म्हणूनच हे पत्र लिहायला मला इतके दिवस लागले.

चवथीला मी पाच दिवस घरी होते. दुसऱ्या दिवशी माटोळीची उरलेली रानफळं घेऊन तुम्ही आत आलात आणि मागोमाग पडवीच्या लाल जमिनीवर रक्ताचे ठिपके उमटत आले. मी ओरडले तेव्हा तुम्ही खाली बघितलंत. तळव्यात बोटाच्या पेराएवढा काटा होता, चपलेच्या आरपार गेलेला. मी तो चिमट्याने ओढला तेव्हाही तुम्ही हूं की चूं केलं नाही. "कळलंच नाही बघ," म्हणालात आणि हसलात. मी जखम धुतली, पट्टी बांधली आणि मागच्या अंगणात जाऊन रडले. लहानपणी काटा काढताना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओरडायचात, बाबा. मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा अशा बधिर होतात. आधी मुंग्या, मग काहीच नाही. तुम्ही कुळागरात अनवाणी फिरता, पाटाच्या पाण्यात उभे राहता. न कळलेली जखम चिघळते, आणि साखर जास्त असेल तर ती भरूनही लवकर येत नाही. त्या दिवशी ठिपके दिसले म्हणून कळलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्हीही तीनदा उठलात, मी मोजलं. तुम्ही म्हणता वय झालं. वयाचा भाग असेलही, पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती पूर्ण अडवू शकत नाहीत. ती लघवीतून बाहेर पडते आणि जाताना पाणी ओढून नेते. मग तहान लागते, तुम्ही उशाशी ठेवलेला तांब्या संपवता आणि परत उठता.

सकाळी मी एक गोष्ट केली, तुम्हाला न सांगता. साखरेच्या डब्यातला तो जुना खोलगट चमचा घेतला, तुम्ही भरता तसाच शिगेला भरला आणि मोदकाच्या पिठासाठी आणलेल्या वजनकाट्यावर ठेवला. ७ ग्रॅम. कपाला दोन चमचे म्हणजे १४. पहाटेचा एक, पोळीसोबत दुसरा, अकराला तिठ्यावरच्या गाड्यावर तिसरा, चारला चौथा, भजनाला जाण्याआधी पाचवा. सगळे मिळून ७० ग्रॅम. मी तेवढी साखर वर्तमानपत्रावर ओतली. एवढा ढीग झाला की आई म्हणाली, "हे कोणासाठी काढलंस?" वर्षाला हे पंचवीस किलोच्या वर जातं. पोत्याचं वजन तुम्हाला मी काय सांगणार! जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालासुद्धा वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या आसपास ठेवायला सांगते. तुमची फक्त चहातली ७० आहे, बिस्किटं मी मोजलीच नाहीत.

मग ते बोट टोचायचं यंत्र. तुम्ही कुरकुरत का होईना हात पुढे केलात, त्याबद्दल मनापासून आभार. शनिवारी उठल्यावर १५२, नेहमीचे दोन चहा झाल्यावर तासाभराने २३८. रविवारी उठल्यावर १५५. मी केलेला बिनसाखरेचा चहा तुम्ही तोंड वाकडं करून प्यायलात, तासाभराने १७१. दोन्ही दिवशी पोळी नंतरच खाल्लीत, गोळीही नंतरच घेतलीत. फरक होता तो कपातला. दोन दिवसांच्या आकड्यांवर सगळं ठरत नाही, ते मला माहीत आहे. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीए१सी तपासणी मार्चमध्ये ८.१ होती आणि आता ८.९ आली. डॉक्टरांनी तुम्हाला ७ च्या आसपास आणायला सांगितलं आहे. ८.९ म्हणजे रक्तातली साखर सरासरी दोनशेच्या वर. तुम्ही झोपलेले असता, भजनात टाळ वाजवत असता, तेव्हासुद्धा.

चहाच का, भात का नाही, असं तुम्ही विचारलंत. भाताचंही बोलू, पण भात पचून साखर व्हायला थोडा वेळ लागतो, आणि तुम्ही तो हुमण, भाजी, सोलकढीबरोबर जेवता. चहातली साखर आधीच विरघळलेली असते, पोटात अडवायला काही नसतं. पहाटे रिकाम्या पोटी तर ती सरळ रक्तात जाते. एक उतरते न उतरते तोवर दुसरा कप येतो, म्हणजे दिवसभर तिला खाली यायला सवडच मिळत नाही. नेवऱ्या, पातोळ्या, मणगणें यांवरून मी चवथीला एक शब्द बोलले नाही, आठवतंय ना? ते सण वर्षातून येतात. चहा वर्षातून अठराशे वेळा येतो.

गुळाचं म्हणाल तर आईने माझ्या सांगण्यावरून नव्हे, शेजारच्या काकींच्या सांगण्यावरून गूळ घालायला सुरुवात केली होती. गूळ त्याच उसाच्या रसाचा, हे तुमच्यापेक्षा कोणाला जास्त माहीत? रंग वेगळा, थोडं लोह जास्त, पण रक्तात जाऊन तो साखरच वाढवतो. मधाचंही तेच. आणि "आजोबा साखर खाऊन नव्वदीपर्यंत जगले" हे खरं आहे, पण आजोबा सूर्य उगवल्यापासून नांगरामागे चालायचे. राबणारे स्नायू साखर ओढून घेतात. तुमचे गुडघे आता तेवढं चालू देत नाहीत, आणि मधुमेह आजोबांना नव्हता, तुम्हाला आहे. कारल्याचा रस तुम्ही नेमाने घेता, पण त्याने वरून घातलेले दहा चमचे भरून निघत नाहीत.

आता माझं मागणं. पातेल्यात साखर घालायची नाही, हे पहिलं आणि सगळ्यात मोठं. पातेल्यात पडली की कोणाच्या वाट्याला किती आली ते कळत नाही, आणि आई तुमच्यासाठी म्हणून घालते ती स्वतःही पिते. कपात घाला, लहान चमच्याने, सपाट भरून. पहिले दोन आठवडे कपाला दीड, मग एक, मग अर्धा, मग नाही. जीभ काही आठवड्यांत सरावते. मी स्वतः हे केलं आहे. तिसऱ्या आठवड्यात मला पहिल्यांदा दुधाची चव लागली, दुधालाही आपली गोडी असते. पाच कपांचे तीन करा, ते लहान पेल्यात. मागच्या पाटाकडचा गवती चहा आणि आल्याचा तुकडा घाला, वास भरून राहतो. गाड्यावर "साकर नाका रे" एवढंच म्हणायचं. मी त्या गाडेवाल्याला सांगून आले आहे, त्याने मान डोलावली. म्हणाला, त्याचे वडीलही असाच घेतात.

हे मात्र नीट वाचा. तुमच्या दोन गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड ही साखर खाली ओढणारी आहे. साखर कमी केल्यावर तीच मात्रा जास्त होऊ शकते. म्हणून सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना चहाचं सगळं सांगायचं, मात्रा बदलायची की नाही ते तेच ठरवतील. गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. हात थरथरले, घाम फुटला, डोकं हलकं झालं तर बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र जवळ नसेल, तर लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खा. त्या वेळी साखर हेच औषध. म्हणून कुळागरात जाताना खिशात साखरेची पुडी असू दे. आणि पायात बंद बूट, बाबा. संध्याकाळी आई तळवे बघेल, मी तिला सांगितलं आहे.

रागाच्या भरात तुम्ही म्हणालात, "या वयात एक गोड घोट पण नको का मला?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. तो घोट तुमच्या हातून काढून घ्यायचा मला काय हक्क, असं वाटत राहिलं. परवा बसमध्ये बसल्यावर सुचलं. मला तुमच्या हातचा चहा अजून खूप वर्षं प्यायचा आहे. पातेलं उतरवताना तुम्हाला चटका कळायला हवा, कपात ओतताना धार दिसायला हवी. मी तुमच्याकडे मागते आहे ते एवढंच.

दुसऱ्या शनिवारी मी येते. आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ, डोळ्यांची आणि लघवीची तपासणीही त्याच फेरीत करू. डिसेंबरात एचबीए१सी पुन्हा. परत आल्यावर चहा तुम्हीच करा, मी पडवीत बसते.

आईला नमस्कार.

तुमची,
बाय

ता. क. डब्यातला जुना चमचा मी माझ्याबरोबर आणला आहे. आईने हरवला असं समजून तिला बोलू नका. त्याच्या जागी लहान चमचा ठेवला आहे.