पाठ टाचण: 'अक्कण माती चिक्कण माती' हे भोंडल्याचं गाणं कानाने शिकणे

इयत्ता तिसरी, मुलं-मुली 28. तासिका 35 मिनिटांची, घटस्थापनेनंतरचा पहिला बुधवार.
साहित्य: पाटावर खडूने काढलेला हत्ती आणि मोकळी जागा. फळा कोरा, वह्या दप्तरात. गाणं लिहून दिलं की मुलांचे डोळे अक्षरांवर जातात आणि कान बंद होतात, म्हणून शेवटपर्यंत काही लिहायचं नाही.
सूर: काळी चार. पेटी फक्त सुरुवातीचा सा देण्यापुरती.

पहिली पाच मिनिटं. पाटाभोवती गोल. भोंडल्याला कोल्हापुरात हादगा म्हणतात, विदर्भात भुलाबाई. कुणाच्या घरी काय म्हणतात ते विचारायचं. मग पूर्ण गाणं मी एकदा गाणार, मुलं फक्त ऐकणार.

टाळी (8 मिनिटं). आधी शब्द नाहीत, नुसती संथ टाळी. ती स्थिरावली की तिच्यावर बोलायचं: अक्कण, माती, चिक्कण, माती. चार टाळ्या. 'अश्शी माती सुरेख बाई' यालाही चारच. 'जातं ते रोवावं' याला तीन टाळ्या आणि चौथी खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात उघडे. मुलं इथेच घाई करतात आणि पुढची ओळ लवकर उचलतात. म्हणून खालीला सगळ्यांनी एकदम तळवे दाखवायचे. हे जमल्याशिवाय चालीकडे वळायचं नाही, चार मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

मी गाते, तुम्ही गा (8 मिनिटं). एकेक ओळ, टाळी न थांबवता. चुकलं तर थांबवून समजावायचं नाही. तीच ओळ मी पुन्हा गाईन. दोन-तीन फेऱ्यांत चूक आपोआप सुधारते.

सवाल-जवाब (12 मिनिटं). गाण्याची खरी गंमत इथे आहे. प्रत्येक ओळीतली वस्तू पुढची ओळ उचलते.
मी: जातं ते रोवावं.
मुलं: अस्सं जातं सुरेख बाई!
मी: रवापिठी काढावी.
मुलं: अश्शी रवापिठी सुरेख बाई!
पुढे करंज्या, तबक, शेला, पालखी, माहेर. 'अस्सं तबक', 'अस्सा शेला', 'अश्शी पालखी' हे मुलांच्या कानाला आपसूक कळतं, व्याकरणाचं नाव काढायचं नाही. घरी मराठी न बोलणाऱ्या तिघांना मात्र माझ्या शेजारी उभं करायचं, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसतील. जातं, तबक आणि शेला हातांनी करून दाखवायचे.
दुसऱ्या फेरीत अर्धा गोल सांगेल, अर्धा उचलेल. मी फक्त टाळी धरेन.

आज 'अस्सं माहेर सुरेख बाई, खेळाया मिळतं' इथे थांबायचं. पुढची ओळ सासरच्या मारहाणीची आहे. ती गाळायची नाही, पण त्यावर बोलायला वेळ हवा, म्हणून पुढच्या तासिकेला.

मूल्यमापन (2 मिनिटं). चार मुलांना प्रत्येकी एक वस्तू सांगायची: करंज्या, शेला, पालखी, तबक. त्यांनी ओळ टाळीसह उचलावी. सूर नाही, खाली पाळली का ते बघायचं.

घरी: आजीला किंवा आईला त्यांचं 'अक्कण माती' म्हणायला लावा. शब्द वेगळे असतील तर तसेच ऐकून या, लिहून आणू नका.